नव्या सुनेचा सासरी पहिला वाढदिवस: शुभेच्छांचा मजकूर कसा लिहावा

लग्नाला काही आठवडे किंवा काही महिने झालेले असतात आणि सुनेचा वाढदिवस येतो. औक्षणाचं तबक, केक, साडी यांचं बघणारं घरात कोणीतरी असतंच. शुभेच्छांचा मजकूर मात्र आयत्या वेळी कुठूनतरी उचलला जातो, आणि नेमका तोच ती दोनदा-तीनदा वाचते, माहेरीही वाचून दाखवते. हा लेख मुख्यतः सासूने सुनेला लिहायच्या मजकुराबद्दल आहे. सासरे, नणंद, दीर, जाऊ यांच्यासाठी शेवटी थोडं दिलं आहे.

लांबी आधीच ठरवून टाका. 60 ते 80 शब्द, म्हणजे सात-आठ छोटी वाक्यं पुरतात. त्याहून मोठा मजकूर भाषणासारखा वाटतो आणि दोन ओळींत उरकला तर इतरांना पाठवतो तसाच वाटतो.

तारीख आणि नाव आधी पक्कं करा

तारीख मुलाला विचारा आणि निदान पंधरा दिवस आधी विचारा. घरात तिथीने वाढदिवस करायची पद्धत असेल तर एक अडचण येते. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं असतं, त्यामुळे तिथी दर वर्षी साधारण 11 दिवस आधी येते आणि अधिक मास आला की 19 दिवसांच्या आसपास पुढे जाते. सून तारखेने वाढदिवस मानणारी असेल तर त्या दिवशी सकाळपासून तिचं लक्ष फोनकडे असणार. घरचं औक्षण तिथीला ठेवलं तरी चालेल, पण मजकूर तिच्या तारखेलाच पाठवा.

मग नाव. काही घरांत लग्नात तांदळावर नवं नाव लिहितात. ते नाव नंतर कोणी वापरतं, कोणी वापरत नाही. वाढदिवसाच्या मजकुरात ती स्वतः जे नाव सांगते तेच लिहा, कारण जन्मदिवस त्या नावाचा आहे. अक्षरंही तिची असतील तशीच ठेवा. ऋतुजा की ऋतूजा, श्रुती की श्रृती हे तिच्या स्वतःच्या लिखाणात बघून घ्या. व्याकरणाप्रमाणे काय बरोबर, हा विचार इथे लागू नाही. माहेरचं लाडाचं नाव मात्र मुलाकडून ऐकून परस्पर वापरू नका. ते तिच्या आई-वडिलांच्या तोंडचं नाव आहे, तिने स्वतः सांगेपर्यंत थांबा.

'चि. सौ.' लावावं का, हा प्रश्न हमखास येतो. हाताने पत्र लिहिणार असाल आणि घरात तशी रीत असेल तर शोभतं. फोनवरच्या मजकुरात नुसतं नाव जवळचं वाटतं. आडनाव तर लिहूच नका. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला आडनावासकट हाक मारली की पाकिटावरचा पत्ता वाचल्यासारखं वाटतं.

खाली सही कोणाची?

नव्या सुनेची एक अडचण घरातल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सासूला काय म्हणायचं हे तिला नक्की कळलेलं नसतं. 'आई' म्हणावं तर जीभ अडखळते, 'सासूबाई' परकं वाटतं, 'काकू' तर लग्नाआधीचं. म्हणून पुष्कळ मुली महिनोन्महिने हाक मारायचं टाळतात. समोर येऊन बोलायला सुरुवात करतात किंवा 'अहो' वर भागवतात. हे तुमच्या घरात होतंय का, दोन दिवस लक्ष ठेवून बघा.

होत असेल तर मजकुराखालची सही हा प्रश्न न बोलता सोडवते. 'आई' अशी सही केली की तिला परवानगीही मिळते आणि शब्दही मिळतो. तिने आधीच एखादी हाक ठरवली असेल, समजा ती 'मम्मी' म्हणत असेल, तर तीच सही करा. तिने निवडलेली हाक बदलायला लावू नका. 'तुझी सासू' किंवा 'सासूबाई' अशी सही टाळा. तिच्या तोंडी तो शब्द आदराचा असतो, पण तुम्ही स्वतःसाठी लिहिलात की अंतराचा होतो.

तू की तुम्ही, याचं उत्तर सोपं आहे. रोज जसं बोलता तसंच लिहा. 'आपणास जन्मदिनानिमित्त अभीष्टचिंतन' हे चौकातल्या फलकाला ठीक, घरातल्या मुलीला नाही.

एक खरी गोष्ट शोधा

मजकुराचा जीव एका वाक्यात असतो: ती आल्यापासून घरात काय वेगळं घडतंय, आणि ते तुम्ही पाहिलंय. हे वाक्य आयत्या वेळी सुचत नाही. वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधीपासून कॅलेंडरच्या मागे किंवा फोनवर तीन-चार नोंदी करून ठेवा. कपडे वाळत घालताना गुणगुणते, बिनसाखरेचा चहा घेते, खिडकीतल्या कुंडीतलं रोप तिने जगवलं, असं काहीही.

नंतर त्यातली एक निवडा. निवडताना तीन गोष्टी तपासा. पहिली, हेच वाक्य दुसऱ्या कोणत्याही सुनेला लागू पडेल का? 'तू खूप समंजस आहेस' कोणालाही लागू पडतं, म्हणून बाद. दुसरी, त्यात तिने तुमच्यासाठी केलेलं काम आहे का? 'तुझ्या हातच्या पोळ्या फार मऊ' हे कौतुकच आहे, पण पहिल्याच वाढदिवसाला तिची ओळख पोळ्यांवरून झाली तर उद्याही पोळ्या तिच्याकडेच, असा त्याचा अर्थ निघतो. तिसरी, वाचून तिला आपल्यावर पाळत आहे असं तर वाटणार नाही ना? 'रात्री उशिरापर्यंत फोनवर हसत असतेस' हे प्रेमाने लिहिलेलं असलं तरी ती त्या रात्रीपासून हळू बोलू लागेल. सगळ्यांसमोर, दिवाणखान्यात किंवा जेवणाच्या वेळी घडणारी गोष्ट घ्या. तिच्या खोलीच्या दाराआडचं काहीही घेऊ नका.

'आमचं' आणि 'आपलं'

मराठीत एक सोय आहे. ऐकणाऱ्याला वगळायचं असेल तर 'आम्ही' आणि सामील करायचं असेल तर 'आपण'. बोलताना हे आपोआप होतं, त्यामुळे लिहिताना हात कुठे घसरला ते कळत नाही. 'आमच्या घरात तुझा पहिला वाढदिवस' या वाक्याचा सरळ अर्थ असा की घर आमचं आहे आणि तू त्यात आली आहेस. लिहिणारीच्या मनात तसं काहीच नसतं. वाचणारीला मात्र ते टोचतं, आणि का टोचलं हेही तिला सांगता येत नाही. 'आपल्या घरातला तुझा पहिला वाढदिवस' असं केलं की बाकीचं वाक्य तेच राहून ती उंबऱ्याच्या आत येते.

म्हणून मजकूर लिहून झाला की 'आम्ही, आमचा, आमच्या, आम्हाला' हे शब्द शोधून काढा. प्रत्येकाच्या जागी 'आपण, आपला' घालून बघा. बहुतेक ठिकाणी बदल बसतो. एक जागा अपवाद आहे: 'आम्हा सगळ्यांकडून तुला शुभेच्छा'. इथे देणारे एक आणि घेणारी दुसरी, म्हणून 'आम्हा' हेच बरोबर आहे.

याच जातीची दुसरी चूक 'तुझ्या घरी' ही आहे. 'तुझ्या घरी वाढदिवस कसा करायचे?' असं विचारलं की तिचं घर ते, हे नव्हे, असं ठरून जातं. त्यासाठी भाषेत 'माहेरी' हा नेमका शब्द आहे. तो वापरा.

प्रेमाने लिहिली जाणारी पण गाळायची वाक्यं

'तू सून नाहीस, लेकच आहेस.' हे सगळ्यात जास्त लिहिलं जातं. मनात माया असते, पण तिच्या बाजूने वाचा. ती कोणाची तरी लेक आहेच आणि लग्नाने ते नातं संपलेलं नाही. शिवाय लेक आईला ज्या मोकळेपणाने 'नाही' म्हणते, तो मोकळेपणा इतक्या लवकर तिला मिळालेला नसतो, आणि ते तिला ठाऊक असतं. घरात लेकही असेल तर तिलाही हे वाक्य खटकतं. सून हे नातं कमी दर्जाचं नाही, ते झाकायची गरज नाही. जिची आई हयात नाही अशा मुलीला 'आईची उणीव भासू देणार नाही' असं तर कधीच लिहू नका. उणीव भासणारच, त्या दिवशी जास्तच. 'आज तुला आईची आठवण येत असेल' एवढं लिहिलं तर ते तिच्या शेजारी बसल्यासारखं होतं.

'तुझ्या पावलांनी घरात लक्ष्मी आली.' पायगुण चांगला म्हणताना एक गोष्ट मान्य केली जाते, की घरातल्या बऱ्यावाईटाचं कारण तिचं येणं आहे. पुढे कोणी आजारी पडलं, धंद्यात तोटा झाला, तर तोच हिशेब तिच्याकडे फिरतो. तिला हे चांगलं कळतं. स्तुती म्हणूनही हा विषय काढू नये.

'सगळ्यांची मनं जिंकलीस', 'कधी उलट बोलली नाहीस', 'अशीच राहा'. ही तीन वाक्यं एकमेकांच्या मागून येतात आणि मिळून परीक्षेचा निकाल होतो. पास झालीस, आता पुढेही उलट बोलू नकोस, असा त्यांचा सूर लागतो. 'अशीच राहा' हे दोन शब्द विशेष सांभाळा, कारण ते बोटांना सवयीने सुचतात.

मुलाबाळाचा उल्लेख नको. 'पुढच्या वर्षी गोड बातमी', 'घरात छोटा पाहुणा' यातलं काहीही, गमतीनेही नाही. त्या दोघांचं काय ठरलंय, काही अडचण आहे का, हे बाहेरून दिसत नाही. आणि वाढदिवस तिच्या जन्माचा आहे.

याच कारणाने आशीर्वाद निवडतानाही थोडं थांबा. 'अखंड सौभाग्यवती भव' हा नमस्कार केल्यावर द्यायचा आशीर्वाद आहे, पण त्यात आयुष्य मागितलं जातं ते नवऱ्याचं. औक्षण करताना तो हवा तर तोंडी द्या. मजकुरात तिचं आयुष्य मागा: 'औक्षवंत हो', 'तुला भरपूर आयुष्य लाभो'.

एक मजकूर सुरुवातीपासून

समजा, सुनेचं नाव प्राजक्ता. लग्न डिसेंबरात झालं, वाढदिवस 18 मार्चला. बँकेत नोकरी करते. सासूबाईंच्या हातून पहिल्यांदा उतरतो तो मजकूर साधारण असा असतो:

> चि. सौ. प्राजक्ता, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तू आमच्या घरात आलीस आणि लक्ष्मीच्या पावलांनी घर उजळलं. तू सून नाहीस, आमची लेकच आहेस. थोड्याच दिवसांत सगळ्यांची मनं जिंकलीस. अशीच राहा. तुझ्या घरची आठवण येऊ देणार नाही. आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. अखंड सौभाग्यवती भव. – सासूबाई

यात वाईट हेतूचा एक शब्द नाही. तरी प्राजक्ताचं नाव काढून दुसरं घातलं तर मजकूर जसाच्या तसा चालेल, आणि पहिली खूण तीच आहे. 'आमच्या' आणि 'आमची' मिळून दोनदा ती बाहेर राहिली. लक्ष्मी, लेक, मनं जिंकणं आणि 'अशीच राहा' ही चार वाक्यं वर सांगितलेल्या कारणांनी गेली. 'तुझ्या घरची आठवण येऊ देणार नाही' यात 'तुझ्या घरची' तर चुकलंच, शिवाय आठवण येणं ही जणू थांबवायची गोष्ट झाली. 'स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही' हे लाडाने म्हटलेलं आहे, पण कागदावर स्वर दिसत नाही, बंदीच दिसते. तेच 'आज स्वयंपाक माझ्याकडे' असं म्हटलं की काम तुमच्या अंगावर येतं आणि तिला खरोखर सुट्टी मिळते.

आता नोंदी बघू. तीन होत्या: बिनसाखरेचा चहा, कुंडीतलं रोप, आणि संध्याकाळी सासऱ्यांबरोबर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणं. चहाची गोष्ट पुरेशी मोठी नाही. रोपाची चांगली आहे. शब्दकोड्याची सगळ्यात चांगली, कारण त्यात घरातलं दुसरं माणूस येतं, तिच्या येण्याने कोणाचा तरी दिवस बदलला हे दिसतं, आणि ते दिवाणखान्यात सगळ्यांसमोर घडतं. मार्च महिना आणि बँक म्हणजे वर्षअखेरीचं काम. म्हणून शुभेच्छाही मोघम ठेवायची गरज नाही.

> प्राजक्ता, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! आपल्या घरातला तुझा हा पहिला वाढदिवस.
>
> हल्ली बाबांचं शब्दकोडं संध्याकाळपर्यंत अर्धंच राहतं. उरलेलं त्यांना तुझ्याबरोबर सोडवायचं असतं. तुम्हा दोघांचे वाद ऐकत भाजी निवडायला मला फार आवडतं.
>
> आज दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे. सकाळी माहेरी निवांत बोलून घे.
>
> मार्चअखेरचं काम सुखरूप पार पडो आणि मग चार दिवस हवी तेवढी झोप मिळो. तुला भरपूर आयुष्य लाभो. औक्षवंत हो.
>
> – आई

बांधणी बघा. आधी नाव आणि शुभेच्छा, मग 'आपल्या घरातला', मग पाहिलेली गोष्ट, मग आजच्या दिवसापुरतं एक ठोस देणं, मग तिच्या आयुष्यातल्या खऱ्या गोष्टीबद्दल शुभेच्छा, शेवटी आशीर्वाद. माहेरच्या फोनचं वाक्य छोटं असलं तरी ठेवाच. पहिल्या वर्षी त्या फोनला किती वेळ घेतला तर चालेल, हा विचार तिच्या मनात असतोच.

ठोस देणं लिहिताना जे नक्की होणार तेच लिहा. स्वयंपाक माझ्याकडे म्हटलं आणि दुपारी तिलाच कुकर लावावा लागला, तर मजकूर न लिहिलेला बरा होता असं होतं. आणि औक्षण किती वाजता, कोण येणार, साडी कोणती, हे सगळं वेगळं, तोंडी सांगा. शुभेच्छांच्या शेजारी वेळापत्रक आलं की शुभेच्छा सूचनांसारख्या वाचल्या जातात.

सून अमराठी असेल तर वाक्यं आणखी छोटी करा आणि शेवटची एक ओळ तिच्या भाषेत लिहा. ती ओळ त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडून तपासून घ्या. मुलाला ती भाषा येते असं गृहीत धरू नका.

पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर

मजकूर एकदा मोठ्याने वाचा. जिथे तुमचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते वाक्य बदला. शुद्धलेखनात तीन शब्द नेहमी दगा देतात: 'शुभेच्छा' (शुभ आणि इच्छा, म्हणून 'च्छा', 'च्या' नव्हे), 'हार्दिक' (दि ऱ्हस्व) आणि 'आशीर्वाद' (शी दीर्घ, रफार 'वा' वर, 'आर्शिवाद' नव्हे).

तयार मजकूर दुसरीकडून पुढे ढकलला तर व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड केल्याची खूण वर दिसते. खूण टाळण्यासाठी तोच मजकूर उचलून चिकटवला तरी भाषेवरून ओळखू येतो.

रात्रीचे बारा नवऱ्याचे आणि मैत्रिणींचे. सासूने सकाळी सहा-सातच्या सुमाराला, ती खोलीबाहेर यायच्या आधी पाठवावं. म्हणजे ती बाहेर येते तेव्हा वाचून आलेली असते आणि पहिला क्षण अवघडत नाही. हस्ताक्षर बरं असेल तर कागदावर लिहून चहाच्या कपाजवळ ठेवलेलं अधिक चांगलं. कागद राहतो, फोन बदलतात.

घराच्या ग्रुपवर हाच मजकूर टाकू नका. तिथे चुलत-मावस मंडळी असतात, आणि तिच्याबद्दलची जवळची गोष्ट तीस जणांसमोर गेली की तिला प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. ग्रुपवर 'प्राजक्ताला वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा!' एवढं पुरे, आणि तेही वैयक्तिक मजकूर गेल्यावर. तिचा फोटो स्टेटसला ठेवायचा असेल तर कोणता ठेवू, हे तिलाच विचारा.

सासऱ्यांनी दोन ओळी लिहिल्या तरी भरपूर होतात. त्यांनी बायकोच्या मजकुराखाली नुसतं नाव जोडू नये, स्वतःची एक ओळ लिहावी: 'आज कोड्यातले आडवे शब्द सगळे तुझे.' नणंद आणि दीर 'वहिनी' म्हणत असतील तर तीच हाक ठेवावी, आणि भावाच्या सवयींची थट्टा करताना तिच्या स्वयंपाकाची किंवा दिसण्याची थट्टा करू नये. मोठी जाऊ असेल तर तिच्याकडे एक जास्तीची गोष्ट आहे: याच घरातला पहिला वाढदिवस तिने अनुभवलेला असतो. 'पहिल्या वर्षी मलाही बुजल्यासारखं व्हायचं, काही लागलं तर माझ्याकडे ये' हे तिच्याइतकं खरं दुसरं कोणी लिहू शकत नाही.

उत्तर बहुतेक वेळा 'थँक यू आई' एवढंच येतं, कधी नुसता हात जोडलेला इमोजी. त्यावरून तिला आवडलं नाही असा अर्थ काढू नका, आणि 'वाचलंस का?' असंही विचारू नका. सासूला लेखी उत्तर काय द्यायचं, हे तिलाही पहिल्यांदाच ठरवायचं असतं. खरं उत्तर दोन-चार दिवसांनी बोलण्यात येतं, अनेकदा त्या सहीवरून: आजवर 'अहो' वर भागवणारी मुलगी एखाद्या दिवशी आतल्या खोलीतून 'आई, मीठ कुठे ठेवलंय?' असं विचारते.